भरतीचा खरा संदेश लोकांना खोटा का वाटतो?

जेब्लॉक_भोसरी

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. वडिलांनी सुरू केलेल्या या कारखान्याची कार्यालयीन बाजू गेली ६ वर्षे मी पाहते. मागच्या महिन्यात व्हीएमसी या संगणकीय मिलिंग मशीनवरचे आमचे दोन ऑपरेटर गावाकडे परत गेले आणि त्या जागा भरण्यासाठी मी व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला. तो जसाच्या तसा देते:

"तातडीने भरती!!! नामांकित कंपनीत ऑपरेटर पाहिजेत. आकर्षक पगार. इच्छुकांनी लवकरात लवकर संपर्क साधावा. सविस्तर माहिती सोबत जोडली आहे."

सोबत कंपनीच्या परिचयाची चार पानांची पीडीएफ होती. हा संदेश मी ९ गटांत टाकला. त्यांपैकी आयटीआयच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका गटात ४० जणांना टॅग केले आणि १८० जणांची प्रसारण यादी करून त्यांनाही तोच पाठवला. तीन दिवसांत एकूण पाच उत्तरे आली. एकाने "हे खरे आहे का?" असे विचारले. दुसऱ्याने नोंदणीचे किती पैसे लागतील, असे विचारले. माजी विद्यार्थ्यांच्या गटातून तर मला काढून टाकण्यात आले.

आमचा कारखाना खरा आहे, जागा खऱ्या आहेत आणि पगार दर महिन्याच्या ७ तारखेला होतो. तरीही आम्ही फसवणारे वाटलो, याचे मला फार वाईट वाटले. नेमके काय चुकले, ते जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

गटचालक_चाकण

ताई, आपल्याला काढणारा गटचालक मी नाही, परंतु मीही कामगारांचा असाच एक गट चालवतो आणि मीही कदाचित तेच केले असते. टॅग करण्याबद्दल आधी सांगतो, कारण सर्वांत जास्त राग त्याचाच येतो.

आमच्या गटातील निम्म्याहून अधिक लोकांनी गटाचा आवाज बंद करून ठेवलेला असतो. साधा संदेश आला तर फोन वाजत नाही, पण नाव टॅग केले की आवाज बंद असतानाही सूचना येते. आपण संदेश किती वाजता पाठवला, ते लिहिलेले नाही. सकाळी अकरा वाजता पाठवला असेल, तर तिसरी पाळी करून आलेला माणूस तेव्हा गाढ झोपेत असतो. तो दचकून उठतो, फोन पाहतो, तर "ऑपरेटर पाहिजेत" आणि तो स्वतः वेल्डर. अशी पाच माणसे मला खासगीत लिहितात तेव्हा पाठवणारा खरा की खोटा, हे तपासत बसायला माझ्याकडे वेळ नसतो.

जेब्लॉक_भोसरी

सकाळी साडेदहाला पाठवला होता. तिसऱ्या पाळीचा विचार माझ्या मनातही आला नाही. आणि हो, त्या ४० जणांचे ट्रेड मला ठाऊक नव्हते. सदस्यांच्या यादीत वरून जी नावे दिसली, ती टॅग करत गेले.

संगणकस्नेही

मूळ चूक शब्दांची आहे. "तातडीने", "आकर्षक", "लवकरात लवकर" हे शब्द आणि तीन उद्गारचिन्हे दिसली की यंत्रणा तो संदेश आपोआप स्पॅम ठरवते आणि पुढे कमी लोकांना दाखवते. हे शब्द काढा आणि प्रत्येक गटासाठी मजकूर थोडा थोडा बदला, म्हणजे पकडला जाणार नाही.

निवृत्त_शिल्पनिदेशक

संगणकस्नेही यांचे म्हणणे ईमेलबाबत काही अंशी खरे आहे, पण व्हॉट्सॲपला ते तसेच लागू पडत नाही. तिथला मजकूर दोन्ही टोकांमध्ये कूटबद्ध असतो, त्यामुळे वाटेत कोणी शब्द वाचून संदेश अडवत नाही. तिथे पाठवणाऱ्याचे वागणे पाहिले जाते: थोड्या वेळात किती अनोळखी लोकांना पाठवले, किती जणांनी ब्लॉक केले, किती जणांनी तक्रार नोंदवली. ज्याच्या फोनमध्ये आपला क्रमांक साठवलेला नाही, त्याला पहिल्याच संदेशासोबत ब्लॉक करण्याचा आणि तक्रारीचा पर्याय समोर दिसतो. त्याने तक्रार केली की आपण त्याला पाठवलेले शेवटचे काही संदेश कंपनीकडे जातात. म्हणून शब्द बदलून चुकवण्याचा सल्ला मला योग्य वाटत नाही. मजकूर बदलला तरी त्रास व्हायचा त्यांना होतोच, आणि तक्रारही होते.

प्रसारण यादीचे वेगळेच आहे. ज्याने आपला क्रमांक साठवला आहे, त्यालाच त्या यादीतला संदेश पोहोचतो. आपल्याकडे त्याचा क्रमांक असून भागत नाही. आपल्या १८० पैकी किती जणांच्या फोनमध्ये कारखान्याचा क्रमांक असेल?

जेब्लॉक_भोसरी

सर, आता पाहिले. १८० पैकी १४१ संदेशांवर अजून एकच खूण आहे. म्हणजे ते पोहोचलेच नाहीत. लोक दुर्लक्ष करत आहेत, असे मी तीन आठवडे समजत होते.

टर्नर_सातपूर

मी बावीस वर्षे लेथवर आणि नंतर सीएनसीवर काम केले. असे संदेश घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

"ऑपरेटर पाहिजेत" एवढ्याने मला काहीही कळत नाही. टर्निंग की मिलिंग, फॅनुक की सीमेन्स, सेटिंग स्वतः करायचे की नुसते जॉब चढवायचे आणि उतरवायचे, पाळी कोणती? ज्याला ऑपरेटरची खरी गरज आहे, त्याच्या तोंडी हे शब्द आपोआप येतात, कारण त्याच्यासमोर मशीन बंद पडलेले असते. ज्याला फक्त माणसांचे क्रमांक गोळा करायचे आहेत, त्याला ते सुचत नाहीत. म्हणून मशीनचे नाव नसलेला भरतीचा संदेश आम्ही एजंटाचा मानतो.

"नामांकित कंपनी" हेही तसेच. नाव लपवतो तो ठेकेदार, कारण नाव सांगितले तर माणूस थेट गेटवर जाईल आणि याचे कमिशन बुडेल, हा आमचा अनुभव. आपण नाव का लपवलेत?

जेब्लॉक_भोसरी

शेजारच्या गाळेधारकांना आमची माणसे गेल्याचे कळू नये, म्हणून. आमच्या ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागालाही ते कळू नये, असे वडिलांना वाटत होते. माल वेळेवर मिळेल की नाही, अशी शंका त्यांना आली असती.

टर्नर_सातपूर

कारण पटण्यासारखे आहे. मग नाव वगळा, पण ठिकाण आणि मशीन लिहा. "भोसरी, जे ब्लॉक, तीन अक्षांची व्हीएमसी, फॅनुक कंट्रोल" एवढे वाचले तरी माणसाला कळते की लिहिणारा मशीनशेजारी उभा आहे. नाव फोनवर सांगता येते.

मस्कतवासी

विषय निघालाच आहे तर माझा अनुभव सांगतो. मला गेल्या वर्षी जहाजदुरुस्तीच्या कामाचे नियुक्तिपत्र म्हणून एक पीडीएफ आली. त्यावर शिक्का आणि सही होती, आणि व्हिसाच्या कागदपत्रांसाठी पैसे भरा, असे म्हटले होते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते आणि ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. मी शोधले, तर ते नाव तिथे नव्हते. असे संदेश आल्यावर काय करावे, असेच आपण विचारत आहात ना? १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते.

जेब्लॉक_भोसरी

माहितीबद्दल आभार. माझा प्रश्न मात्र उलट बाजूचा आहे. मी पाठवणारी आहे आणि मलाच फसवणारी समजले जात आहे.

मस्कतवासी

क्षमस्व, माझ्याकडून घाईत वाचले गेले. तरीही एक सांगावेसे वाटते. त्या दिवसापासून अनोळखी क्रमांकावरून आलेली कोणतीही फाइल मी उघडत नाही, मग ती कोणाचीही असो. आपल्या पीडीएफचेही तेच झाले असणार.

रात्रपाळी

मस्कतवासी यांचे बरोबर आहे. आमच्या खोलीतल्या एका मुलाने लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली. ती ॲप बसवणारी एपीके फाइल निघाली आणि त्याच्या खात्यातले पैसे गेले. तेव्हापासून खोलीतले आम्ही सहाही जण फाइलला हात लावत नाही.

निवृत्त_शिल्पनिदेशक

फाइलबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुलांना नोकऱ्यांचे संदेश पुढे पाठवण्याचे काम मी संस्थेत अनेक वर्षे केले आहे.

ताई, आपल्या फाइलचे नाव काय होते?

जेब्लॉक_भोसरी

`DOC-20250611-WA0012.pdf`. वडिलांच्या फोनवरून माझ्याकडे आली होती, तीच पुढे पाठवली.

निवृत्त_शिल्पनिदेशक

माझा अंदाज तोच होता. हे नाव व्हॉट्सॲपने आपोआप दिलेले आहे, आणि ते पाहून एवढेच कळते की ही फाइल कुठून तरी फिरत आली आहे. आत पगार आहे, अर्ज आहे की आणखी काही, हे उघडल्याशिवाय समजायला मार्ग नाही. संदेशातही "सविस्तर माहिती सोबत जोडली आहे" एवढेच म्हटले आहे. म्हणजे अनोळखी माणसाने दिलेले, आत काय आहे ते न सांगितलेले पाकीट आपण लोकांना उघडायला सांगितले.

दुसरी अडचण अशी की त्या चार पानांत उमेदवाराच्या उपयोगाचे फारसे काही नसावे. कंपनीचा परिचय ग्राहकासाठी तयार केलेला असतो: मशीनांची यादी, तपासणीची उपकरणे, गुणवत्तेचे प्रमाणपत्र. उमेदवाराला पगार, पाळी, ठिकाण आणि काम हवे असते. ते फाइलमध्येही नसावे आणि संदेशात तर नव्हतेच. माझे मत असे आहे की पहिल्या संदेशासोबत फाइल जोडूच नये. ती मागणाऱ्याला द्यावी, नाव बदलून द्यावी आणि आत किती पाने आहेत व कशाची आहेत, ते एका वाक्यात लिहावे.

डिझाइन_मैत्रीण

फाइल नको हे मान्य, पण मग एक सुंदर चित्र करून का पाठवू नये? रंगीत भित्तिपत्रकात सगळी माहिती मावते आणि ती न उघडता दिसते. आमच्या भागातील सर्व दुकाने तसेच करतात.

गटचालक_चाकण

चित्र दिसते हे खरे, पण बऱ्याच फोनवर त्यातील क्रमांकावर बोट ठेवून थेट फोन लावता येत नाही. तो आठवून किंवा कागदावर उतरवून लावावा लागतो. दोन आठवड्यांनी गटात "व्हीएमसी" शोधले तर चित्रातला मजकूर सापडेलच असे नाही. शिवाय लोक जुने चित्र वर्षभर पुढे पाठवत राहतात, कारण त्यावर तारीख नसते. माझ्या गटात एका कारखान्याचे चित्र जागा भरून आठ महिने झाल्यावरही येत होते, आणि तिथले मालक रोजच्या फोनमुळे त्रासले होते. चित्र पाठवायचेच असेल, तर तोच मजकूर खाली लिहूनही द्यावा आणि तारीख टाकावी.

संगणकस्नेही

शब्दांबद्दल मी चुकलो, हे मान्य करतो. पण एक मुद्दा राहतोच. संदेशावर "पुढे पाठवलेला" अशी खूण येते आणि अनेकदा फिरलेल्या संदेशावर दोन बाण दिसतात. दोन बाण आले की तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते बाण पाहूनही लोक दचकतात. म्हणून मजकूर नव्याने चिकटवून पाठवणे बरे नाही का?

निवृत्त_शिल्पनिदेशक

हा मुद्दा योग्य आहे. मात्र चिकटवल्याने बाण गेले, तरी तोच मजकूर त्याच माणसाला चार गटांत दिसतोच. भोसरी आणि चाकणच्या गटांत बरीचशी माणसे सामाईक आहेत. चौथ्या वेळी वाचताना त्याला जागेची आठवण राहत नाही, फक्त पाठवणाऱ्याचा कंटाळा येतो. दोन योग्य गट निवडावेत आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या ओळीत आपण कोण आणि याच गटात का लिहीत आहोत, ते सांगावे. "या गटात मशिनिस्ट ट्रेडचे विद्यार्थी आहेत म्हणून इथे लिहीत आहे" हे वाक्य सर्वांना पाठवणाऱ्याला लिहिताच येत नाही.

जेब्लॉक_भोसरी

सर्वांचे वाचून नवा मसुदा केला आहे. कृपया निर्दयपणे तपासावा.

"नमस्कार. मी भोसरी एमआयडीसी, जे ब्लॉक येथील मशीन शॉपमधून लिहीत आहे. या गटात मशिनिस्ट आणि टर्नर ट्रेडचे लोक आहेत म्हणून गटचालकांची परवानगी घेऊन हा संदेश देत आहे.
व्हीएमसी ऑपरेटरच्या २ जागा आहेत. मशीन तीन अक्षांचे, फॅनुक कंट्रोल. प्रोग्राम तयार मिळेल, वर्क ऑफसेट आणि टूल ऑफसेट स्वतः घेता आले पाहिजेत. किमान २ वर्षांचा अनुभव हवा.
दोन पाळ्या, आठवड्याने बदलतात. पगार हातात २०,००० ते २४,०००, चाचणीनंतर ठरेल. पीएफ, ईएसआय. कोणतेही शुल्क घेतले जात नाही.
नाव, कोणत्या कंट्रोलवर किती वर्षे काम केले आणि सध्या कुठे राहता, या तीन गोष्टी याच क्रमांकावर लिहून पाठवाव्यात. प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर देऊ. जागा भरल्यावर इथेच कळवू."

टर्नर_सातपूर

मी नोकरी शोधत असतो तर उत्तर दिले असते. शेवटची मागणी चांगली झाली आहे. "संपर्क साधावा" म्हटले की माणूस फोन लावून काय बोलावे याच्या विचारात पडतो. तीन गोष्टी लिहा म्हटले की मशीनवरून हात पुसून दोन मिनिटांत लिहितो.

हिशेबनीस

एक दुरुस्ती. ईएसआय दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना लागू होते, आणि हातात पडणारी रक्कम ही कपातीनंतरची असते. हातात २४,००० घेणारा माणूस त्या मर्यादेबाहेर जाईल. अनुभवी कामगाराला हे ठाऊक असते. तो ही ओळ वाचून म्हणेल, एक तर पगार खोटा आहे किंवा ईएसआय. "नियमानुसार लागू असल्यास" असे लिहावे.

जेब्लॉक_भोसरी

बदलते. आमच्या जुन्या ऑपरेटरांना ईएसआय होते, म्हणून सवयीने लिहिले गेले.

मालक_कुडाळ

माझा विरोध पगार लिहिण्याला आहे. आमच्या काजू कारखान्यात मी एकदा गटात पगार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी जुनी माणसे समोर उभी राहिली की नव्याला एवढे देणार तर आमचे काय? त्यांचे चूक नव्हते, पण मला लगेच सर्वांचे वाढवणे शक्य नव्हते. दोन जुनी माणसे दुखावली ती कायमचीच. फोनवर पगार सांगितला तर काय बिघडते?

टर्नर_सातपूर

बिघडते असे की फोन येतच नाही. सातपूरहून भोसरीला यायचे, खोली शोधायची, आणि आकडा माहीत नाही. "आकर्षक" म्हणजे कोणाला आकर्षक?

मालक_कुडाळ

आपली बाजू कळते. तरीही दुखावलेल्या जुन्या माणसाची किंमत मला संदेशाला मिळणाऱ्या उत्तरांपेक्षा अधिक वाटते.

निवृत्त_शिल्पनिदेशक

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. इतकेच सुचवतो की आकडा द्यायचा नसेल, तर कौतुकाचे विशेषणही देऊ नये. "पगार फोनवर सांगू" हे प्रामाणिक आहे. "आकर्षक पगार" मात्र फसवणाऱ्यांच्या संदेशात इतक्या वेळा आले आहे की आता ते वाचून कोणाचा विश्वास बसत नाही.

घाटावरची

मी उमेदवार म्हणून विचारते. आम्ही मुलीही व्हीएमसी चालवतो. दुपारची पाळी रात्री कधी सुटते आणि घरी जायला वाहन मिळते का, ते संदेशात नाही. ते नसले की मी संदेश खोटा मानत नाही, पण तो माझ्यासाठी नाही असे मानून पुढे जाते.

जेब्लॉक_भोसरी

हे सुटले, आणि खरे तर माझ्या लक्षात सर्वांत आधी यायला हवे होते. दुसरी पाळी रात्री १२ ला सुटते. वाहनाची सोय सध्या नाही, म्हणून दोन्ही गोष्टी जशा आहेत तशा लिहीन.

*(बारा दिवसांनंतर)*

जेब्लॉक_भोसरी

काय झाले ते सांगायला आले आहे. ज्या गटातून मला काढले होते, तिथल्या गटचालकांना फोन करून क्षमा मागितली. त्यांनी संदेश स्वतः टाकला, कोणालाही टॅग न करता, संध्याकाळी सहा वाजता. दुसरा संदेश एका आयटीआयच्या शिल्पनिदेशकांमार्फत गेला. फक्त दोन ठिकाणी.

चौदा उत्तरे आली आणि त्यांपैकी अकरांमध्ये तिन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या. त्यामुळे फोन न करताच कळले की चार जण फक्त सीएनसी टर्निंगचे आहेत. त्यांना तसे कळवले. पाच जणांना चाचणीला बोलावले, चौघे आले. रिकाम्या व्हाइसवर जॉब बांधून वर्क ऑफसेट घ्यायला सांगितला. दोघांना नीट जमले आणि त्यांतील एक सोमवारपासून रुजू झाला आहे. दुसऱ्याने आधीच्या ठिकाणी महिन्याची सूचना द्यायची असल्याचे सांगितले, आम्ही थांबणार आहोत.

पगाराचा आकडा लिहिला होता. आमचा एक जुना ऑपरेटर खरोखरच वडिलांकडे आला. त्याचे दीड हजारांनी वाढवले, पण दुसऱ्याचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही. कुडाळच्या काकांचे म्हणणे आता मला अधिक समजते.

मालक_कुडाळ

दुसऱ्याशी तो येण्यापूर्वी आपणच बोला. मी थांबलो होतो, तिथेच माझे चुकले.

गटचालक_चाकण

जागा भरल्याचे गटात कळवलेत का?

जेब्लॉक_भोसरी

एक भरली, दुसरी ठरली, असे काल रात्री दोन्हीकडे लिहिले. ज्यांची निवड झाली नाही, त्यांनाही एकेक करून कळवले. त्यांपैकी एकाने आपल्या भावाचा क्रमांक पाठवला आहे, तो ग्राइंडिंगवर काम करतो.